चार की आठ? एकाच कागदावर दोन लिप्यांचे अंक

राजेहो, आज जरा वेगळ्या विषयावर लिहितो. विषय बारका वाटेल, पण त्यापायी आपल्या हिवरखेडातल्या माणसाचा दिवस जातो, भाड्याचे पैसे जातात, आणि कधी कधी मुदतही जाते. विषय आहे अंकांचा. मराठी कागदावर १, २, ३ लिहायचे की 1, 2, 3, हा वाद आपण भाषाभिमानाचा करून टाकला आहे. एक गट म्हणतो मराठीत मराठीच अंक पाहिजेत, दुसरा म्हणतो जग कुठं चाललं अन् तुम्ही कुठं. माझं म्हणणं या दोघांपेक्षा वेगळं आहे. कोणते अंक वापरता त्यानं फारसं बिघडत नाही, एकाच आकड्यात, एकाच रकान्यात, एकाच तारखेत दोन्हींची खिचडी केली की बिघडते.

मी लोकांचे अर्ज लिहून देतो, ऑनलाइन फॉर्म भरून देतो. सातबारा, आठ-अ, नोटीस, दाखला, पासबुक, रोज असे पाच-पन्नास कागद नजरेखालून जातात. म्हणून हे जे लिहितोय ते पुस्तकातून आलेलं नाही, टेबलावरून आलेलं आहे. एक सांगून ठेवतो. या पोस्टमध्ये माझे स्वतःचे आकडे देवनागरीत आहेत. इंग्रजी आकडे फक्त तिथंच दिसतील जिथं कागदावर किंवा स्क्रीनवर तसं लिहिलेलं असतं, किंवा वाचणारा तसं वाचतो, ते दाखवायचं आहे.

आधी मुळाशी जाऊ. दोन्ही लिप्यांत दहा-दहा अंक. त्यातले ०, २, ३ दिसायला इतके जवळचे आहेत की कोणीही वाचतो. ६ आणि ८ अनोळखी माणसाला वाचताच येत नाहीत, पण त्यात धोका कमी. ज्याला वाचता येत नाही तो विचारतो. खरा घोटाळा करणारे दुसरेच. आपला ४ हा इंग्रजी 8 सारखा दिसतो. आपला १ घाईत काढला की इंग्रजी 9 होतो. आपला ५ आणि वरून उघडा काढलेला इंग्रजी 4, यांच्यात हाताच्या लिहिण्यात फरक करणं कठीण जातं. आणि ७ ला इंग्रजी शाळेतले पोट्टे बिनधास्त 6 म्हणतात. इथं वाचणारा अडत नाही, तो चुकीचं वाचतो आणि आपण बरोबर वाचलं असं समजून पुढं जातो. न वाचता आलेला आकडा परवडला, चुकीचा वाचलेला परवडत नाही.

मागं गावातल्या एका फळ्यावर खडूनं लिहिलं होतं, हरकती ‘४ तारखेपर्यंत’ द्याव्या. दोन भाऊ वाचत होते. मोठा मराठी शाळेत शिकलेला, धाकटा तालुक्याच्या इंग्रजी शाळेतला. धाकट्यानं फोटो काढला, घरी सांगितलं आठ तारीख आहे. वडील सात तारखेला माझ्याकडं अर्ज लिहायला आले.

“भाऊ, मुदत उद्यालोक हाय ना?”

“नाही हो काका, तीन दिवसांपूर्वीच गेली. चार होती.”

“पोरगा तं आठ म्हणे!”

पोरगा खोटं बोलला नव्हता. त्याला शाळेत जे शिकवलं तेच त्यानं वाचलं. फळा लिहिणाऱ्यानंही काही चुकीचं लिहिलं नव्हतं. पण त्याच फळ्यावर वर साल ‘2023’ असं होतं, खाली फोन नंबर इंग्रजी अंकांत होता, आणि मधली एकटी तारीख देवनागरीत. आजूबाजूचं सगळं इंग्रजी अंकांत असताना मधल्या एका आकड्याला कोणी देवनागरी समजून का वाचावं? सगळा फळा देवनागरीत असता तर तो पोरगा अडला असता, कोणाला तरी विचारलं असतं. सगळा इंग्रजी अंकांत असता तर प्रश्नच नव्हता. आजूबाजूच्या अंकांनी त्याला चुकीचा इशारा दिला.

हे नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं यावरच आहे. माणूस आकडा एकेक अंक सुटा करून वाचत नाही. पहिला अंक कोणत्या लिपीचा आहे हे पाहतो आणि बाकीचे त्याच चष्म्यातून वाचतो. म्हणून सगळ्यात वाईट खिचडी ती जी एकाच आकड्याच्या पोटात असते.

आता वावराच्या कागदाचं उदाहरण घेऊ, कारण कास्तकाराला त्याचीच झळ लागते. आजचा संगणकावरचा सातबारा उघडून पाहा. डोक्यावर नियमाचं नाव आहे, त्यात ‘नियम, १९७१’ असं साल देवनागरीत. खाली उतरलं की गट क्रमांक, क्षेत्र, आकारणी, फेरफार क्रमांक, तारीख, सगळं इंग्रजी अंकांत. म्हणजे एकाच पानावर दोन्ही. तरी मी सातबाऱ्याला नावं ठेवणार नाही. छापील मजकुराचे अंक एका लिपीत, भरलेल्या माहितीचे अंक दुसऱ्या लिपीत, अशी त्यात सरळ वाटणी आहे. क्षेत्राच्या रकान्यात अर्धे आकडे असे आणि अर्धे तसे सापडत नाहीत. आणि अंक छापील आहेत, हातचे नाहीत.

भानगड सुरू होते ती या सातबाऱ्यावरून कोणी हातानं अर्ज लिहितो तेव्हा. जुना हस्तलिखित सातबारा देवनागरी अंकांत असायचा. आपल्या विदर्भात १९५४-५५ चा अधिकार अभिलेख अजूनही लोकांना काढावा लागतो, तोही हातचाच. म्हणजे एकाच प्रकरणाच्या फाइलीत जुना कागद देवनागरी अंकांचा, नवा सातबारा इंग्रजी अंकांचा, आणि दोन्हींवरून लिहिलेला अर्ज जसं सुचेल तसा.

असंच एक वाटणीचं प्रकरण माझ्याकडं आलं होतं. माणसाची आणि जमिनीची ओळख पटू नये म्हणून आकडे बदलून सांगतो, पण गंमत तीच. सातबाऱ्यावर गट 141, क्षेत्र 0.41.00. म्हणजे शून्य हेक्टर एकेचाळीस आर. एक एकर म्हणजे साधारण साडेचाळीस आर, तेव्हा हे एक एकराचं वावर झालं. अर्ज दुसऱ्या कोणी लिहून दिला होता. त्यानं गट नंबर लिहिला ‘1४1’. पहिला एक इंग्रजी, मधला चार देवनागरी, शेवटचा एक पुन्हा इंग्रजी. मुद्दाम कोणी असं करत नाही. ज्याचा हात दोन्ही लिप्यांत सारखाच चालतो त्याच्या हातून हे होतं, आणि आपल्या पिढीतल्या बहुतेकांचा हात असाच आहे. पुढं हा अर्ज ज्यानं टाइप केला त्यानं पहिला अंक पाहिला, इंग्रजी समजला, आणि टाइप केलं 181. गट 181 गावात आहे, पण तो दुसऱ्याच माणसाचा.

आता क्षेत्र पाहा. अर्जात ते सगळं देवनागरीत होतं, ‘०.४१’. पण वरचा गट नंबर इंग्रजी समजून वाचल्यावर हेही त्याच चष्म्यातून वाचलं गेलं. ४ चा झाला 8, १ चा झाला 9. टाइप झालं 0.89. एक एकराचं वावर कागदावर दोन एकराहून जास्त झालं, आणि तेही दुसऱ्याच्या गटात. सुदैवानं खातेदाराचं नाव जुळलं नाही म्हणून अर्ज परत आला. नाव सारखं असतं, म्हणजे एकाच कुटुंबाचे दोन्ही गट असते, तर हे किती पुढं गेलं असतं कोण जाणे. आपल्याकडं भावाभावांचे गट शेजारीशेजारीच असतात, आडनाव एकच, आजोबाचं नाव एकच. पकडायला जे नाव कामी आलं ते अशा ठिकाणी कामी येत नाही.

हे ओळखायचं कसं? कुठल्याही कागदावर एकाच आकड्यात दोन लिप्या दिसल्या की तो कागद तिथंच थांबवा. एक अन् चार असलेला हातचा आकडा असेल तर तो इंग्रजीत वाचला तर काय होतो ते मनातल्या मनात करून पाहा. १४ चा 98 होत असेल तर हरकत नाही, अठ्ठ्याण्णव तारीख नसते, वाचणारा अडेल. पण नुसत्या ४ चा 8 होतो आणि आठ तारीख असते. तिथं सावध राहा.

मुदतीचा हिशोबही करून पाहा. फेरफाराच्या नोटिशीत हरकतीसाठी पंधरा दिवस देतात. नोटिशीवरच्या तारखेपासून मोजायचं झालं आणि तारीख ४ असेल, तर १९ ला मुदत संपते. तीच तारीख आठ वाचली तर माणूस २३ पर्यंत घरी निवांत बसतो. चार दिवसांचा फरक. माहिती अधिकारात पहिलं अपील तीस दिवसांत करायचं असतं, तिथंही सुरुवातीची तारीख चुकीची वाचली तर शेवटची तारीख आपोआप चुकते. उशिराचं कारण सांगून अपील घ्यायला लावता येतं, पण ‘मी चारला आठ वाचलं’ हे कारण अधिकाऱ्यासमोर सांगायला माणसाला लाज वाटते, अन् तो सांगतच नाही.

आता तारखेकडं येऊ, कारण तिथं अंकांच्या लिपीशिवाय आणखी एक गोष्ट आहे. तारीख लिहायच्या आपल्या पद्धती किती? ५/८/२०२४, 05.08.2024, ०५-०८-२४, ५ ऑगस्ट २०२४. एकाच लग्नपत्रिकेत तिन्ही-चारी सापडतील, लग्नपत्रिकेचं ठीक आहे, तिथं वार आणि तिथी दिलेली असते, माणूस चुकत नाही. पण नोटिशीवर वार नसतो. भारतात आपण आधी दिवस, मग महिना लिहितो. अमेरिकेत आधी महिना, मग दिवस. तुम्ही म्हणाल, हिवरखेडात अमेरिकेचं काय काम? काम आहे बाप्पा, कारण कितीतरी कॉम्प्युटर अमेरिकन सेटिंगवरच चालू असतात, कोणी बदललेलंच नसतं.

समजा एक्सेलमध्ये नुकसानीच्या पंचनाम्याची यादी केली. तारखेच्या रकान्यात एका ओळीत 05/08/2024 टाइप केलं, दुसऱ्या ओळीत 15/08/2024. कॉम्प्युटर अमेरिकन सेटिंगवर असेल तर पहिलं तो ८ मे समजतो. काही बोलत नाही, चुपचाप समजतो. दुसऱ्यात पंधरावा महिना त्याला सापडत नाही, म्हणून ती तारीख आहे असं तो मानतच नाही, साधा मजकूर म्हणून ठेवतो. म्हणजे एकाच रकान्यात अर्ध्या तारखा उलट्या झाल्या आणि अर्ध्या तारखाच राहिल्या नाहीत. मग कोणी तारखेप्रमाणे यादी लावली की ऑगस्टचे पंचनामे मे मध्ये दिसतात, आणि मे मध्ये कुठली आली अतिवृष्टी?

हे ओळखायची खूण सोपी आहे. रकान्याची रुंदी वाढवा. ज्या तारखा उजव्या कडेला चिकटल्या त्या कॉम्प्युटरला तारखा वाटल्या. ज्या डाव्या कडेला चिकटल्या त्या त्याच्या लेखी अक्षरं आहेत. एकाच रकान्यात काही डावीकडं आणि काही उजवीकडं दिसल्या, आणि डावीकडच्या सगळ्या १३ तारखेपासून पुढच्या असल्या, तर समजा की १ ते १२ तारखांचे दिवस-महिने उलटे झालेले आहेत. नुसत्या डावीकडच्या दुरुस्त करून भागत नाही, उजवीकडच्या जास्त बिघडलेल्या असतात.

अंकांचंही एक्सेलमध्ये हेच होतं. देवनागरी अंक टाइप केला की तो बहुतेक वेळा संख्या म्हणून घेतला जात नाही, अक्षर म्हणून घेतला जातो. पाच शेतकऱ्यांचं क्षेत्र असं भरलं आहे असं धरा:

```
C2   0.81
C3   1.20
C4   ०.४१
C5   0.60
C6   ०.४०
=SUM(C2:C6)   →  2.61
```

खरी बेरीज ३.४२ आहे. चौथ्या आणि सहाव्या ओळीतले दोघे बेरजेत धरलेच गेले नाहीत, आणि कुठंही लाल अक्षरात चूक दाखवली गेली नाही. यादी पाच जणांची, क्षेत्र तिघांचं. वरिष्ठाकडं एकूण क्षेत्राचा आकडा जातो तो २.६१. पुढं कोणी म्हणतं की गावाचं क्षेत्र कमी दाखवलं, साहेबानं कोणाच्या तरी सांगण्यावरून कमी केलं. नेहमी तसं नसतं. कधी कधी दोन जणांनी मिळून यादी भरलेली असते, एकाच्या फोनवर मराठी अंक येतात, दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर इंग्रजी, एवढंच कारण असतं. फोनच्या मराठी कीबोर्डवर एका प्रकारचा अंक सहज उमटतो आणि दुसरा बोट दाबून धरल्यावर. कोणता सहज उमटेल ते कीबोर्डवर अवलंबून. लिहिणाऱ्यानं निवड केलेलीच नसते.

खिचडीचं आणखी एक कारण जुन्या फॉन्टांचं आहे. युनिकोडच्या आधीच्या काही मराठी फॉन्टांत कॉम्प्युटरच्या पोटात साधा 4 असायचा, फक्त पडद्यावर त्याला ४ चं चित्र मिळायचं. ती फाइल दुसऱ्या फॉन्टमध्ये गेली की अंक इंग्रजी होऊन बाहेर पडतात, आणि मागाहून नवीन टाइप केलेले अंक मात्र खरे देवनागरी असतात. जुन्या नमुन्यावरून दरवर्षी नवी नोटीस बनवतात तिथं असा मजकूर हमखास सापडतो. साल बदललेलं असतं एका लिपीत, बाकी सगळं दुसऱ्या.

मग यादीत देवनागरी दिसायलाच पाहिजे असेल तर काय करायचं? आकडे इंग्रजी अंकांतच भरायचे, आणि एक्सेलला सांगायचं की दाखवताना देवनागरीत दाखव. त्यासाठी सेलच्या फॉरमॅटमध्ये ‘कस्टम’ निवडून हे टाकायचं:

```
[$-4000439]0.00
```

पोटात संख्या राहते, बेरीज बरोबर येते, आणि कागदावर ०.४१ छापून येतं. रकाना एका लिपीचा राहतो.

आता सरकारचं पाहू, कारण सरकारला नावं ठेवणं सोपं आहे. राज्य शासनाचा एखादा जीआर काढा. समजा तो ५ सप्टेंबर २०१८ चा आहे. वर तारीख असते ‘दिनांक : ०५ सप्टेंबर, २०१८’. शेवटी संगणक सांकेतांक असतो, लांबलचक इंग्रजी अंकांचा, त्याचे पहिले आठ अंक 20180905, म्हणजे आधी साल, मग महिना, मग दिवस. त्याखाली डिजिटल सही असेल तर तिथं Date: 2018.09.05 असं. एका कागदावर एकच तारीख तीन तऱ्हांनी, दोन लिप्यांत. पहिल्या नजरेत वाटतं काय हा गोंधळ. पण नीट पाहा, तिन्हींपैकी एकही चुकीची वाचता येत नाही. पहिलीत महिना अक्षरात आहे. बाकी दोन्हींत साल आधी आहे, आणि साल आधी आलं की पुढं महिना आणि मग दिवस, हा जगभरचा ठरलेला क्रम आहे. आयएसओ ८६०१ म्हणून त्याचं मानकच आहे. तो सांकेतांक यंत्रासाठी आहे, तारीख माणसासाठी आहे.

याच जीआरमध्ये घसरतात ते ‘संदर्भ’ लिहिताना. तिथं आधीच्या निर्णयांच्या तारखा असतात आणि त्या एका ओळीत दि.०५.०९.२०१८, दुसऱ्या ओळीत दि.5/9/2018 अशा लिहिलेल्या सापडतात. कोणाला जुना निर्णय शोधायचा असेल तर पीडीएफमध्ये 2018 टाकून शोधलं की २०१८ सापडत नाही, आणि २०१८ टाकलं की 2018 सापडत नाही. कॉम्प्युटरसाठी ही दोन वेगळी चिन्हं आहेत. ‘साहेब, असा निर्णयच नाही’ असं जेव्हा कोणी सांगतं तेव्हा एकदा दुसऱ्या लिपीत शोधून पाहायला सांगा. मी दोनदा असे सापडलेले पाहिले आहेत.

इथं कोणीतरी राज्यघटना काढणारच, म्हणून तेही बोलून घेतो. घटनेच्या अनुच्छेद ३४३ मध्ये लिहिलं आहे की संघराज्याच्या कामकाजाची भाषा देवनागरीतली हिंदी, आणि अंक मात्र ‘भारतीय अंकांचे आंतरराष्ट्रीय रूप’. संविधान सभेत हा अंकांचा वाद खूप तापला होता, आणि १४ सप्टेंबर १९४९ ला तडजोड झाली. पण ही तरतूद संघराज्याच्या कामाची आहे. आपल्या गावच्या मराठी नोटिशीवर ४ लिहायला ती मनाई करत नाही. आणि शब्द पाहा, ‘भारतीय अंकांचे’ आंतरराष्ट्रीय रूप. ज्यांना आपण इंग्रजी अंक म्हणतो ते इथूनच अरबांमार्फत युरोपात गेले. तेव्हा 4 लिहिला म्हणून मराठी बाटली, असं मी मानत नाही. आणि ४ लिहिला म्हणून माणूस मागासला, असंही नाही.

दोन्ही लिप्या एका कागदावर गुण्यागोविंदानं राहू शकतात याचा पुरावा तुमच्या खिशात आहे. पाचशेची नोट काढा. त्यावर 500 आहे आणि ५०० पण आहे. २०१६ ला नव्या नोटा आल्या तेव्हा देवनागरी अंकांवरून मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठात याचिकाही झाली होती. पण नोट वाचताना आजवर कोणाची फसगत झाली का? नाही, कारण पूर्ण आकडा एका लिपीत आणि तोच पूर्ण आकडा पुन्हा दुसऱ्या लिपीत आहे. ‘५0०’ असं कोणी छापलेलं नाही. शिवाय अक्षरी किंमतही आहे.

आणि ही अक्षरी फार मोठी गोष्ट आहे. आपल्या जुन्या लोकांनी ती उगाच ठेवली नाही. चेकवर अंकातली आणि अक्षरातली रक्कम वेगळी असेल तर अक्षरातली धरायची, असं १८८१ च्या परक्राम्य संलेख कायद्याचं कलम १८ सांगतं. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, दोन्ही असते. ‘चौदा जून’ कोणत्याही लिपीच्या अंकांत गेलं तरी चौदा जूनच राहतं. ज्या तारखेवर कोणाचा हक्क टांगलेला आहे ती तारीख नुसत्या अंकांवर सोडायचीच कशाला?

काही ठिकाणी निवड आपल्या हातात नसते, तिथं भांडू नये. आधार, मोबाइल, बँक खातं, हे यंत्र वाचतं, तिथं इंग्रजी अंकच. गाडीच्या पाटीवर केंद्रीय मोटार वाहन नियमातल्या नियम ५० प्रमाणे अक्षरं इंग्रजी आणि आकडे याच रूपातले पाहिजेत. काही हौशी लोक 4141 चं ‘दादा’ आणि 214 चं ‘राम’ करतात. इंग्रजी अंक वाकवून मराठी अक्षर करायची ही कला भारी आहे खरी, पण गाडीनं कोणाला उडवलं तर नंबर सांगणाऱ्यानं काय सांगायचं?

तर माझी मागणी एवढीच आहे, आणि ती गावात जे जे फळे लिहितात, नोटिसा काढतात, याद्या करतात, त्या सगळ्यांना आहे. नोटिशीच्या मजकुरात एकच लिपी धरा, कोणती ते तुम्ही ठरवा. फोन नंबर, खाते नंबर वेगळ्या ओळीवर घ्या म्हणजे ते वेगळे आहेत हे दिसेल. आकड्याच्या पोटात लिपी बदलू नका. तारखेत महिना अक्षरात लिहा, साल चार अंकी लिहा, आणि मुदतीची तारीख असेल तर वार टाका. ‘हरकती रविवार, ४ ऑगस्ट २०२४ (चार ऑगस्ट) पर्यंत’ एवढं लिहायला खडूच्या अर्ध्या कांडीपेक्षा जास्त लागत नाही. त्या धाकट्या पोरानं ४ ला 8 वाचलं असतं तरी ‘चार’ वाचलं असतं, आणि आठ तारखेला रविवार येत नाही हे त्याच्या फोननंच सांगितलं असतं.

आणि अर्जदारानं करायचं ते असं. अर्ज टाइप होऊन आला की सही करायच्या आधी सातबारा शेजारी ठेवा. गट नंबर आणि क्षेत्र बोट ठेवून मोठ्यानं वाचा, टाइप करणाऱ्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. “एकशे एकेचाळीस, शून्य हेक्टर एकेचाळीस आर.” तो त्याच्या कागदावरून हो म्हणाला की मगच सही. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी सोबतच्यानं वाचावं. माझ्याकडं येणाऱ्यांना मी हे करायलाच लावतो, रांग लागली असली तरी.